गवार मोडावी कशी: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका (चित्रांविना)

आवश्यक साहित्य: पाव किलो गवार, पाव किलो फरसबी (पुण्याकडचे तिला श्रावणघेवडा म्हणतील, म्हणू द्यावं), एक परात, सालीसाठी जुनं वर्तमानपत्र आणि ज्याला दुसरं काही काम नाही असा घरातला एक माणूस. विळी किंवा सुरी तूर्त हातात घेऊ नये. का, ते पुढे येईल.

प्रशिक्षण भाजीवाल्याच्या टोपलीपाशीच सुरू होतं. नवशिका लांबसडक, गुळगुळीत शेंगा भराभर पिशवीत टाकतो. अनुभवी माणूस आधी एकच शेंग उचलून वाकवतो. कोवळी शेंग कट्‌कन मोडते, जून शेंग वाकून नमस्कार करते. लांबीवरून कोवळेपणा ठरत नाही, कारण गावरान गवार आखूड आणि लवदार असते, दुसरी जात मुळातच लांब आणि तुळतुळीत. दोघींतही बाहेरून दाण्यांचे फुगवटे मोजता येऊ लागले की शेंगेचं वय झालं असं समजावं. फरसबीचं तेच. शंका आली तर एक मोडून आत बघावं. दाणे इवलेसे, हिरवट असतील तर घ्यावी. मोठे आणि पांढरट असतील तर भाजीवाल्याच्या नजरेला नजर न देता पुढे सरकावं.

इथे एक चकवा आहे. शेंग वाकली म्हणजे ती जूनच असते असं नाही, ती फक्त शिळीही असू शकते. कोवळी शेंग उन्हात सुकली तरी मऊ पडते. नख टोचून पाहावं. नख सहज रुतलं आणि ओल दिसली तर शेंग कोवळी आहे. घरी नेऊन अर्धा तास थंड पाण्यात ठेवली की बरीचशी ताठ होईल. नख अडलं तर ती जून आहे, आणि पाण्यात बुडवून कुणाचं वय कमी होत नाही.

आता मुख्य विधी. शेंगा आधी धुवाव्यात, नंतर मोडाव्यात. एक गवार घ्यावी आणि देठाकडचं टोक नखाने मोडावं, पण तुटू देऊ नये. एका बाजूला ते कातडीला लटकत राहिलं पाहिजे. मग ते धरून शेंगेच्या कडेकडेने खाली ओढावं. दोऱ्यासारखं जे निघतं ती शीर. आता शेंडा उलट्या बाजूला मोडून दुसऱ्या कडेची शीर तशीच ओढावी. नवशिका टोक खट्‌कन तोडून फेकतो, धागा शेंगेतच राहतो आणि जेवताना तो पाहुण्यांच्या दातांत सापडतो.

शिरेबद्दल दयामाया नको. शेंगेचे दोन्ही काठ जिथे जुळतात तिथे हे तंतू असतात आणि शेंग जून होते तसे ते लाकडासारखे घट्ट होत जातात. शिजवून बाकीची शेंग मऊ होते, हे तंतू होत नाहीत. ‘कुकरला दोन शिट्ट्या जास्त देऊ’ म्हणणाऱ्याला भाजीचा लगदा मिळतो आणि त्यात शाबूत दोरे मिळतात.

आणि म्हणूनच विळी नको. धारदार पातं शीरही गुमान कापून टाकतं. तुकडा दिसायला देखणा, आतला दोरा मात्र तसाच. हाताने मोडताना शीर लपत नाही. बोटभर तुकडा मोडला आणि दोन्ही भाग धाग्याने लोंबकळत राहिले, तर ती शीर तिथेच ओढून काढावी. एखादी शेंग मोडायलाच तयार नसेल तर तिच्याशी झटू नये, फेकून द्यावी. पाव किलोत अशा चार-पाच निघाल्या तर भाजीवाला बरा. मूठभर निघाल्या तर भाजीवाला बदलावा.

फरसबीला मात्र थोडी सूट आहे. हल्ली बाजारात येणाऱ्या बऱ्याच जाती बिनशिरेच्या असतात. त्यामुळे तीन-चार शेंगांची टोकं वरच्या पद्धतीने ओढून पाहावीत. धागा आला नाही तर दोन्हीकडची टोकं खुडून मोकळं व्हावं आणि आता खुशाल विळीवर बारीक चिरावी. एकीला जरी धागा आला, तरी सगळ्या तपासाव्यात. टोकं एकत्र जुळवून जुडीच्या जुडी कापण्याची चलाखी बिनशिरेच्या फरसबीपुरतीच ठेवावी, गवारीला ती लावू नये.

पाव किलो गवारीला सरावलेल्या हाताला पंधरा-वीस मिनिटं लागतात, नवशिक्याला एक पूर्ण मालिका, जाहिरातींसह. तेव्हा गवार सकाळच्या डब्याला करायची असेल तर ती आदल्या रात्रीच मोडून ठेवा.