बेसिककाका

भंडाऱ्यात खात रोडच्या बाजूला भाड्याने राहणारी जी सेवानिवृत्त जमात आहे, तिच्यात एक बेसिककाका हमखास सापडतो. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात त्याची उभी हयात गेलेली असते. महागाई भत्ता असो, घरभाडे भत्ता असो की जुलैची तीन टक्के वेतनवाढ, सगळे मोजायचे ते मूळ वेतनावर. एकूण पगारावर टक्केवारी काढणारे बिल ट्रेझरीतून आक्षेप लागून परत येते, हे त्याला आपल्या नातवाच्या जन्मतारखेपेक्षा पक्के ठाऊक असते. टक्का ऐकला की तो आधी विचारतो, "कशावर?"

असल्या काकाचा घरमालक धानाचा व्यापारी असावा आणि वरच्याच मजल्यावर राहत असावा, हा योग नियतीनेच जुळवून आणलेला असतो. अकरा महिन्यांचा करार संपला आणि शेठजींनी चिठ्ठी पाठवली : 'पुढल्या महिन्यापासून ७,४८० रुपये. दहा टक्के वाढ.' दुसऱ्या कोणी भाडेकरूने कपाळाला आठी घालून पैसे मोजले असते. काकांनी कपाटातून कराराची प्रत काढली, चष्मा पुसला आणि जेवण अर्धा तास पुढे ढकलायला लावले.

करारात भाडे ६,००० रुपये. त्याखाली निराळ्या ओळीत पाण्याचे ५०० आणि गाडी ठेवायचे ३०० 'ठोक'. नूतनीकरणाचे कलम म्हणते, 'मासिक भाड्यात दहा टक्के वाढ.' शेठजींनी ८०० रुपयेही भाड्यात ढकलून ६,८०० वर दहा टक्के लावले होते. बरोबर हिशेब म्हणजे ६,६०० आणि वर ते ८००, एकूण ७,४००. फरक फक्त ऐंशी रुपयांचा. पण काकांना छळत होते ते पुढचे साल. एकदा ७,४८० हेच 'भाडे' म्हणून नव्या करारात बसले की पुढचे दहा टक्के त्यावर, म्हणजे ८,२२८. खरे तर व्हायला हवे ७,२६० अधिक ८००, म्हणजे ८,०६०. ऐंशीचे एकशे अडुसष्ट झाले की! चुकीच्या पायावरची टक्केवारी चुकूनही एकटी राहत नाही.

मग पत्र. वर 'प्रति', खाली 'विषय : भाडेवाढीच्या परिगणनेतील त्रुटीबाबत', 'संदर्भ : करारनामा, कलम ३', आणि 'महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर की'. पहिल्या मसुद्यात त्यांनी भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधले वर्षाला चार टक्के वाढीचे कलम ११ ठोकून दिले होते. गल्लीतले अर्धवट कायदेपंडित हेच कलम मालकाच्या तोंडावर मारतात. पण रात्री काकांना झोप लागेना. चार टक्के असतात ते भाडेकरूच्या भाड्याला. आपला करार तर लिव्ह अँड लायसन्सचा, त्यात दहा टक्के आपणच सही करून मान्य केलेले. सकाळी उठून त्यांनी ते कलम खोडले. करारात 'एकूण मासिक रकमेवर' असे शब्द असते तर शेठजीच बरोबर ठरले असते, हेही त्यांनी मनाशी कबूल केले. पत्रात अर्थात नाही.

शेवटच्या परिच्छेदात त्यांनी वकिली सोडून बाजार समिती गाठली : 'आपण धान घेता तेव्हा बारदान्याचे वजन वजा करून पैसे देता. माझ्या भाड्याला मात्र बारदान्यासकट भाव का?' त्याखाली 'मान्य रक्कम ७,४०० पाच तारखेस अदा करीत आहे. पावतीवर भाडे, पाणी व पार्किंग वेगवेगळे दर्शवावे.' हे वाक्य सगळ्यात मोलाचे. पावतीवर एकच आकडा पडला असता तर पुढल्या वर्षी भांडायला पुरावा उरला नसता.

पत्र जिना चढून देता आले असते. पण जावक क्रमांकाशिवाय कागद हलवणे काकांच्या रक्तात नाही. पोस्टात गेल्यावर कळले की २०२५ मध्येच रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. खिडकीवरच त्यांनी दोन मिनिटे सुतक पाळले आणि स्पीड पोस्टाची पावती फाइलला लावली.

टपाल आपल्याच घरातून आपल्याच घरात आलेले पाहून शेठजी खाली उतरले. "काकाजी, आवाज देल्ला असता तं आलो असतो ना जी!" पण बारदाना त्यांना लागला होता. उभ्या उभ्या त्यांनी पावती फाडली : भाडे ६,६००, पाणी ५००, पार्किंग ३००. जाताना मात्र दारातून म्हणाले, "पाण्याचे पुढच्या महिन्यापासून सहाशे करा बाप्पा, मोटरचं बिल लय येते."

पाचशेवर शंभर, म्हणजे वीस टक्के. आणि करारात तर 'ठोक' लिहिलेले. काकूंनी ताट वाढले होते, पण काकांनी कोरा कागद पुढे ओढून 'संदर्भ : माझे यापूर्वीचे पत्र' एवढे लिहूनही टाकले होते. काकूंच्या सांगण्यानुसार, निवृत्तीनंतर इतके प्रसन्न ते कधी दिसले नव्हते.