पासवर्डचा अधिक महिना

आमच्या ऑफिसात अकरा माणसं, एक प्रिंटर, हजेरीचं एक अंगठ्याचं मशीन आणि एक वायफाय. ऑफिस करसल्लागाराचं, पुण्यात, पेठेत, जुना वाडा पाडून उभ्या केलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. मालक क्लायंटांकडे फिरतीवर असतात, त्यामुळे राज्य मॅनेजरसाहेबांचं. साहेब फायलीला नाडी बांधतात तीसुद्धा अशी की सोडवायला पुन्हा साहेबांनाच बोलवावं लागतं. अशा माणसाला २०२३च्या फेब्रुवारीत कुणीतरी सांगितलं, की वायफायचा पासवर्ड वेळोवेळी बदलला पाहिजे. कुणी सांगितलं ते अजून कळलेलं नाही. कळलं तर आम्ही दहा जण त्याला भेटायला जाणार आहोत.

मेल आला तो असा:

"सर्व कर्मचाऱ्यांस कळविण्यात येते की, सुरक्षेच्या कारणास्तव कार्यालयाच्या वायफायचा पासवर्ड आज दुपारी ठीक १२ वाजता बदलण्यात येत आहे. नवीन पासवर्ड Karyalay@2023. यापुढे पासवर्ड दरमहा बदलण्यात येईल. पासवर्ड गोपनीय असून बाहेरील व्यक्तीस सांगू नये. सहकार्य अपेक्षित."

मेल छानच होता. फक्त तो पोचला दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी. झालं होतं असं, की साहेबांनी बाराच्या ठोक्याला ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकून राउटरचं पान उघडलं, नवा पासवर्ड लिहिला आणि Save दाबलं. त्याबरोबर राउटरनं सगळ्यांना घराबाहेर काढलं, त्यात साहेबांचा लॅपटॉपही आला. राउटर साहेब ओळखत नाही, पासवर्ड ओळखतो. मेल आधीच लिहून ठेवला होता, तो Outboxमध्ये अडकला. साहेबांना वाटलं नेटच गेलं. त्यांनी कंपनीला फोन लावला, तिथल्या मुलीनं तक्रार नोंदवून अकरा आकडी क्रमांक दिला आणि साहेबांनी तो भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. पुढे दोन दिवस त्यालाच नवा पासवर्ड समजून काही जण फोनमध्ये टाकत होते.

पण खरी गंमत होती पूर्णविरामाची.

मेलमधलं वाक्य पुन्हा वाचा. "नवीन पासवर्ड Karyalay@2023." यातलं शेवटचं टिंब कुणाचं? वाक्याचं की पासवर्डचं? अकाउंट्सच्या काकू म्हणाल्या, "वाक्य संपलं की पूर्णविराम येतोच, शाळेत शिकलात ना?" त्यावर आर्टिकलशिप करणारा मुलगा म्हणाला, "काकू, पण @ चालतो तर टिंब का चालणार नाही?" त्याचं बरोबर होतं. वायफायच्या पासवर्डला किमान आठ आणि जास्तीत जास्त त्रेसष्ट अक्षरं लागतात, आणि त्यात टिंब, स्वल्पविराम, मोकळी जागासुद्धा चालते. त्यामुळे ज्यांनी मेलमधून कॉपी-पेस्ट केलं त्यांच्याकडे टिंबापुढची मोकळी जागाही आली. फोन काही समजावून सांगत नाही. कोणतं अक्षर चुकलं हे तो कधीच बोलत नाही, पासवर्ड चुकला एवढंच म्हणतो आणि त्याचे काळे ठिपके करून आपल्यापुढे ओळीनं मांडतो. शेजारचा डोळा दाबला की अक्षरं दिसतात, पण मोकळी जागा डोळ्यालाही दिसत नाही.

संध्याकाळी साहेबांनी दुसरा मेल पाठवला. विषय: शुद्धिपत्र. "पूर्वीच्या मेलमधील पूर्णविराम वाक्याचा असून पासवर्डात धरू नये." हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात शोभलं असतं.

माणसांचं भागलं, उरली यंत्रं. पासवर्ड बदलला की तो माणसांनाच नव्हे, वायफायवर बसलेल्या प्रत्येक वस्तूला जाऊन सांगावा लागतो, आणि वस्तू मेल वाचत नाहीत. आमच्या प्रिंटरला दोन ओळींची पट्टी आहे आणि बाणाची बटणं. A वरून सुरुवात. वरचा बाण दाबला की B, पुन्हा दाबला की C. मोठी अक्षरं संपली की छोटी, मग आकडे, मग चिन्हं, आणि @ त्या चिन्हांमध्ये कुठेतरी लपलेलं. तेरा अक्षरं भरायला मला वीस मिनिटं लागली. तेराव्या अक्षरानंतर OK ऐवजी Back दाबलं गेलं. त्यानंतर मी जे बोललो ते काकूंनी ऐकलं नाही असं काकू म्हणतात.

अंगठ्याचं मशीन त्याहून पाताळयंत्री. त्यानं आवाज केला नाही, अंगठा घेतला, हिरवा दिवाही दाखवला. हजेरी ते स्वतःच्या पोटात साठवत राहिलं, फक्त पुढे पाठवेना. सहा दिवसांनी साहेबांनी संगणकावर हजेरीपत्रक काढलं तर सगळं ऑफिस सहा दिवस गैरहजर, साहेबांसकट. मशीनला पासवर्ड दिल्यावर सगळे अंगठे बाहेर आले. पण मधला अर्धा दिवस साहेब आमच्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती मी विसरणार नाही.

पाडव्याला साहेबांना युक्ती सुचली. दर महिन्याला नवा शब्द शोधा, तो लक्षात ठेवा, यापेक्षा मराठी महिनाच पासवर्ड! Chaitra2023. अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी Vaishakh2023. वर्ष जोडायचं कारणही चोख: नुसतं Magh चार अक्षरांचं, Paush पाचांचं, आणि राउटर आठाखाली ऐकत नाही. मेलही आता दोनच ओळींचा झाला. तो कुणी वाचेनासं झालं, कारण पुढच्या वर्षभराचे पासवर्ड कालनिर्णयमध्ये छापून भिंतीवर टांगलेले होते. खालच्या टपरीवरून चहा आणणाऱ्या पोरालाही ते पाठ झाले. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी चहा ठेवताना तोच काकूंना विचारायचा, "काकू, लागला का वैशाख?"

ज्येष्ठात स्पेलिंगनं दगा दिला. Jyeshtha, Jyestha, Jeshtha, Jyeshth. चार टेबलं, चार ज्येष्ठ. मुळात मराठीतच निम्मे लोक "जेष्ठ" लिहितात, तिथे इंग्रजीकडून काय अपेक्षा करायची. साहेबांनी पुन्हा शुद्धिपत्र काढलं.

आषाढात मात्र भूगोल आडवा आला. आमच्याकडे कानपूरचा एक मुलगा आहे. ४ जुलैला सकाळी तो म्हणाला, "सर, सावन लग गया," आणि शिस्तीत Shravan2023 टाकून बसला. लागेना. आमचा आषाढ अजून चौदा दिवस बाकी! आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात त्यांचं पंचांग आपल्या एक महिना पुढे असतं. साहेबांनी त्याला समोर बसवून हे अर्धा तास समजावलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "सर, आप काग़ज़ पे लिख दीजिए." मग आषाढाचा पासवर्ड कागदावर लिहून पाण्याच्या फिल्टरवर चिकटवण्यात आला. वर लाल अक्षरात: गोपनीय.

त्याच आठवड्यात नेट रांगायला लागलं. जुलै म्हणजे आमचा हंगाम, ३१ तारखेच्या आत विवरणपत्रं भरायची, आणि पोर्टलवर चक्र फिरतंय. हार्डवेअरवाल्याला बोलावलं. त्यानं राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. आमचं सगळं मिळून तेवीसच्या पुढे जात नाही. यादीत होती चौतीस. तो एकेकाचं नाव वाचत गेला आणि आम्ही ओळखत गेलो. चहावाला पोरगा. खालच्या सलूनमधले दोघे. मागच्या वर्षी नोकरी सोडून गेलेला एक जण, जो समोरच्या इमारतीत लागलाय आणि खिडकीशी बसतो. एक टीव्हीही होता. तो कुणाचा, यावर कुणीच बोललं नाही.

"साहेब, दर महिन्याला बदलता कशाला?" हार्डवेअरवाला म्हणाला. "तुमचा पासवर्ड सगळ्यांचा एकच. एकाला दिला की त्या एकाकडून परत घेता येत नाही, घ्यायचा तर सगळ्यांकडून घ्यावा लागतो. म्हणून माणूस सोडून गेला की बदला, बाहेर फुटला असं दिसलं की बदला. बाकी एकदाच लांबलचक टाका, कुणाला अंदाज येणार नाही असा, आणि पाहुण्यांना वेगळं नेटवर्क द्या. तुम्ही बदलताय खरा, पण पुढचा काय असणार ते टपरीला माहीत आहे."

त्याचं म्हणणं काही नवीन नव्हतं. अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी बिल बर नावाच्या गृहस्थांनी २००३ साली पासवर्डविषयी मार्गदर्शन लिहिलं, आणि ठरावीक काळानं पासवर्ड बदलण्याची सवय जगभरच्या ऑफिसांना लागली त्यात त्याचा मोठा वाटा. २०१७ साली निवृत्तीनंतर त्यांनी वर्तमानपत्राला सांगितलं, की त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. सक्तीनं बदलायला लावलं की माणसं जुन्याचंच शेपूट बदलतात, हे तोवर उघड झालं होतं. त्या वर्षी संस्थेनंही नियम फिरवला: फुटल्याचा पुरावा नसेल तर उगाच बदलायला लावू नका. तो नियम माणसागणिक असणाऱ्या पासवर्डचा, पण शेपूट बदलण्याच्या कलेत आमचं ऑफिस कुणाला हार जाणारं नव्हतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. पाहुण्यांचं नेटवर्क करून घेतलं. लांबलचक पासवर्डाचंही त्यांना पटल्यासारखं वाटलं. मग म्हणाले, "पण मग दर महिन्याला मेल कसला पाठवू?"

१७ जुलै, दीप अमावास्या. दुसऱ्या दिवशी श्रावण, पण त्या वर्षी श्रावण अधिक होता. ऑफिसात तट पडले. काही म्हणाले AdhikShravan2023, काही म्हणाले नुसता Shravan2023, कारण राउटरला अधिक-निज कळत नाही. काकूंनी निकाल दिला, "अधिक महिन्यात नवीन काही करत नाहीत." पाच वाजता मेल आला: "अधिक मासात नवीन कार्याचा आरंभ करू नये, सबब आषाढाचाच पासवर्ड पुढील आदेशापर्यंत चालू राहील."

तो महिना आमच्या ऑफिसचा सुवर्णकाळ. प्रिंटर न रुसता छापत होता, मशीन अंगठे पाठवत होतं, कुणाचा फोन चुकला म्हणत नव्हता. ३१ जुलैच्या रात्री साडेदहाला शेवटचं विवरणपत्र गेलं, तेही आषाढावर. जावयासाठी केलेल्यांतले उरलेले अनारसे काकूंनी आणले, ते आम्ही प्रिंटरवर ठेवून खाल्ले.

१७ ऑगस्टला सकाळी दहाला निज श्रावण आणि मेल एकदमच लागले. पाठोपाठ प्रिंटरचा लाल दिवा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि वरच्या बाणावर बोट ठेवलं. A पासून S अठरा दाबांवर आहे.