कोपऱ्यांचा हिशेब

हडपसरला आमच्या सोसायटीत पाऊस झाला की पार्किंगमध्ये डबकं साचतं आणि त्यात वर्तमानपत्राचं आरमार उतरतं. त्याची सरखेल शेजारची आठ वर्षांची मुलगी. होड्यांचा कंटाळा आल्यावर तिचा हुकूम सुटला, "काका, आता हत्ती!"

होडी घडी वाकडी पडली तरी निमूट तरंगते. प्राण्याचं तसं नाही. त्याचा एकेक अवयव कागदाच्या एकेका टोकातून काढावा लागतो. चौकोनाला कोपरे चार. हत्तीला चार पाय, सोंड, दोन कान आणि शेपूट. उरलेली टोकं कडांमधून उकरून काढायची, म्हणजे आठव्या वर्षी न झेपणारं काम. (गणपतीचा विषय मी निघूच दिला नाही.)

मग मधला मुक्काम बेडकाचा. त्याला व्हिजिटिंग कार्डासारखा ताठ कागद बरा. कार्डाच्या एका टोकाला तिरप्या घड्यांची फुली पाडायची, फुलीच्या मध्यातून उलट्या बाजूने आडवी घडी घालायची आणि दोन्ही बाजू आत ढकलायच्या. त्रिकोण बसतो. त्याची दोन टोकं वर दुमडली की पुढचे पाय झाले. मग खालच्या भागाच्या कडा मधोमध आणायच्या, तो भाग वर दुमडायचा आणि त्यातला अर्धा पुन्हा खाली. ही नागमोडी घडी म्हणजे बेडकाची स्प्रिंग. मुलं ती नखाने करकचून दाबतात, आणि मग बेडूक बसतो तो बसतोच. एवढी एक घडी हलक्या हाताने घालायची.

त्यानंतर जपान्यांचा लाडका क्रौंच. मान, शेपूट, दोन पंख: चार टोकं, हिशेब चोख. कागद आधी चौपदरी छोट्या चौकोनात मिटतो. त्याचं सुटं, उघडणारं टोक आपल्याकडे हवं. ते उलटं धरलं की पुढच्या घडीला पदर उचलतच नाही, आणि मूल कागदाला दोष देतं. खालच्या दोन्ही कडा मधल्या रेषेवर आणून, वरचा त्रिकोण खाली दुमडून, सगळं पुन्हा उघडायचं. मग वरचा एकच पदर खालच्या टोकाला धरून वर उचलायचा. खुणा नीट पडल्या असतील तर बाजू आपोआप आत येतात. घडी खरी इथेच अडते. खुणा पुसट असतील तर टोक बोथट राहतं आणि मान जाडजूड होते. आमचा पहिला क्रौंच बदकाकडे झुकला होता.

ओरिगामीच्या आकृत्यांमधले बाण आणि तुटक रेषा अकिरा योशिझावा यांनी रूढ केल्या, म्हणून जपानी न येताही त्या वाचता येतात. पूर्वी पुण्यात आयुकामध्ये मुलांसाठी खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर ओरिगामीची पुस्तकं मोफत आहेत.

क्रौंचाला वर्तमानपत्र घेऊ नका, त्यात घडी टिकत नाही. झेरॉक्सच्या ए-फोर कागदातून 21 सेंटिमीटरचा चौकोन कापा, आणि हत्तीला वर्षभर थांबायला सांगा.