लवंगीचा स्फोट

पणजीच्या पत्त्यावर एक किलो लवंगी मिरची पाठवायची होती. पिनकोड आपल्या सवयीने लिहिला, ४०३ ००१, मध्ये जागा सोडून. कुरिअरच्या संगणकीय तपासणीने सहाऐवजी सात अक्षरे मोजली आणि निकाल दिला: `REJECT: AREA_NOT_SERVICEABLE`. म्हणजे गोव्याच्या राजधानीत कुरिअर जातच नाही! आधी मोकळी जागा काढून मग यादीत शोधायला हवे. आणि कोडच बिघडलेला असेल, तर ‘पिनकोड चुकला’ म्हणावे. गावावर कशाला खापर फोडायचे?

जागा मिटवली, पणजी पुन्हा नकाशावर आली. आता दुसरा नकार: प्रतिबंधित वस्तू. ‘लवंगी’ फटाक्यांच्या यादीत निघाली. नियम वस्तूचा प्रकार बघत नाही, नावातला शब्द बघतो. त्याच न्यायाने ‘भेटवस्तू’ लिहिलेली अत्तराची बाटली मात्र, ज्वलनशील असूनही, विमानात बसायला मोकळी.

दोन्ही कारणे पहिल्याच फेरीत सांगता आली असती. पण पहिला दोष सापडला की तपासणी तिथेच थांबते. गिऱ्हाइकाला हप्त्याहप्त्याने नाकारण्यात वेगळीच शान असावी. शेवटी वर्णनात ‘सुकी मिरची, अख्खी’ एवढेच लिहिले. `ACCEPT`.