आज तूप नाही

मी नंदुरबारला इतिहास शिकवतो. तारखा हा माझा धंदा. 9 सप्टेंबर 1942, शिरीषकुमार आणि त्याचे चार साथीदार. 1 जुलै 1998, धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. 29 सप्टेंबर 2010, देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्या टेंभलीत दिलं गेलं. झोपेतून उठवून विचारा. 14 डिसेंबर मात्र विचारू नका.

त्या दिवशी रात्री ताटात खापराची पुरणपोळी होती. खापरावरची पोळी म्हणजे चपातीसारखा खेळ नव्हे. पुरण शिजवायचं, वाटायचं, पोळी हातावर झेलत झेलत मोठी करायची आणि उपड्या खापरावर अलगद टाकायची. मी तूप घालून तीन खाल्ल्या, चौथीला हात घातला आणि विचारलं, "आज कसला सण गं?"

"कसला नाही," बायको म्हणाली. "डाळ उरली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या तासाला फळ्यावर 15 डिसेंबर लिहिलं आणि खडू तिथंच थांबला. पोरांना वाटलं, सरांना चक्कर आली. तशी आलीच होती.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये माझ्या जिवाची चर्चा झाली. एकजण म्हणाले, "तिथीनं धरा. तुमचं लग्न सारंगखेड्याच्या यात्रेच्या तोंडावर झालं ना? मग तिथीनं अजून दोन-चार दिवस निघतील." निघालेही असते, पण अठरा वर्षं आम्ही तारखेनं धरलं आणि एकोणिसाव्या वर्षी मला अचानक पंचांग आठवलं, हे कुणाला पटेल? दुसऱ्या सरांचा उपाय जास्त मुरलेला होता. "सुरतेहून साडी मागवलीय, यायला उशीर झाला, म्हणून काल गप्प राहिलो, असं सांगा." ऐकायला झकास. मग मी हिशेब मांडला. साडी आणावी लागणार. पावतीवर 15 नंतरची तारीख पडणार. म्हणजे पावती लपवायची. रंग आवडला नाही तर साडी बदलायला पावती लागणार. एका विसरण्यापायी मी दोन हजारांची साडी आणि चार खोटी बोलणी विकत घेणार होतो.

खरं तर या विषयात माझा अधिकार मोठा. वीस वर्षं मी पोरांच्या सबबी तपासतोय. एकेकाच्या आज्या मी तीन-तीनदा वारलेल्या पाहिल्यात. सबब जितकी लांब, तितका वहीत गृहपाठ कमी, हे मी कधी चुकलेलं पाहिलं नाही. फक्त एकदा सातपुड्यातला एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, गृहपाठ केला नाही. विसरलो." आणि गप्प बसला. मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. ते आलंच नाही. रागवायला मला काही धरायलाच मिळेना. सबब असती तर तिचं एखादं टोक पकडून उलटतपासणी घेतली असती.

त्या पोराची नक्कल करायची असं ठरवून घरी निघालो. वाटेत मिरचीच्या पथाऱ्या लागल्या. लालभडक ओली मिरची पसरलेली. ती वाळली की तीन-चार किलोची जेमतेम किलोभर उरते. माझी माफीही वाटेत वाळत गेली. आधी 'परीक्षेचे पेपर' गळाले. मग 'वय झालं' गळालं. 'मी नालायक आहे' हेही काढलं, कारण तसं म्हटलं की तिलाच माझी समजूत काढावी लागते. म्हणजे चूक माझी आणि काम तिला. 'पुढच्या वर्षी विसरणार नाही' हे फार वेळ जिभेवर होतं, पण त्याची मलाच खात्री नव्हती.

घरी ती मिरचीची देठं खुडत बसली होती. मी म्हणालो, "काल आपल्या लग्नाचा वाढदिवस होता. मी विसरलो. तू एवढ्या खापराच्या पोळ्या केल्यास आणि मी कसला सण म्हणून विचारलं. चुकलं माझं."

इथं जीभ वळवळली. 'पण' हा शब्द दातांपर्यंत आला होता. तो गिळला. मिरची खुडलेल्या खोलीत गिळल्यामुळे ठसकाही लागला, तो तिला पश्चात्तापाचा वाटू नये म्हणून मी खुलासा केला, "हा ठसका मिरचीचा आहे."

"कळलं," ती म्हणाली. दोन-तीन देठं खुडली. "झालं? आणखी काही?"

"नाही."

"मला वाटलं, सुरतेहून साडी येतेय म्हणाल. तुमच्या त्या सरांनी मागच्या वर्षी घरी तेच सांगितलं. वहिनी अजून वाट बघताहेत."

मग उठून तिनं कालच्या दोन पोळ्या ताटात वाढल्या. मी तुपाच्या भांड्याकडे पाहिलं. तिनं ते उचलून फळीवर ठेवलं.

"आज तूप नाही," ती म्हणाली. "काल होतं."