काही असेल तर बघ

आखाजीला आमच्या गल्लीत अजूनही एक झोका बांधला जातो. झोका कसला, नायलॉनचा दोर आणि त्यावर घडी घातलेली जुनी सतरंजी. पण माहेरी आलेली एखादी तरी मुलगी त्यावर बसते आणि आमच्या जळगावच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाला तेवढ्यापुरती लाज वाटते. यंदा त्यावर शेजारची पोर बसली होती. पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत नोकरी करते. एका हातात दोर, दुसऱ्या हातात मोबाईल. झोका पुढे गेला की ती वाचायची आणि मागे आला की कपाळाला आठी घालायची.

"काय गं, ऑफिसचं काम का?" मी विचारलं.

"नाही काका, गावचं," असं म्हणून तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. शाळेतला कुणी, वहिनीच्या मामेबहिणीचा दीर, भुसावळच्या मैत्रिणीचा भाऊ, अशा अनेकांचे निरोप एकाखाली एक, वाळत घातलेल्या पापडांसारखे पडले होते. सुरुवातीला 'हाय'. मग 'कशी आहेस'. आठवडाभराने 'जेवण झालं का'. आणि शेवटी, इतक्या लांबून चालत येऊन दमल्यासारखं, तेच एक वाक्य: 'तुझ्या कंपनीत काही असेल तर बघ ना.' त्याखाली तिचं उत्तर: 'बघते.'

मराठीत या दोन शब्दांइतकं सुखाने नांदणारं जोडपं मी दुसरं पाहिलेलं नाही. 'बघ' म्हणणाऱ्याने नेमकं काय मागितलं ते त्यालाही ठाऊक नसतं आणि 'बघते' म्हणणारीने काय कबूल केलं ते तिलाही. कुणी कुणाला दुखावत नाही, फक्त बघायचं तेवढं राहून जातं.

मला माझीच चिठ्ठी आठवली. १९७४ साल. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो आणि वडिलांनी त्यांच्या एका स्नेह्यांकडून धुळ्याच्या एका गृहस्थांच्या नावे चिठ्ठी आणली होती. एरंडोल, पारोळा करत एसटीने मी निघालो. मांडीवर बामणोदच्या भरिताच्या वांग्यांची पिशवी आणि वरच्या खिशात ती चिठ्ठी. चिठ्ठी चिकटवलेली नव्हती, पण दुसऱ्याच्या नावची म्हणून उघडायची नाही, एवढा संस्कार होता. तो पारोळ्यापर्यंत टिकला. आत लिहिलं होतं: 'पत्र घेऊन येणारा मुलगा आपलाच आहे. काही असेल तर बघावे.' माझं नाव नव्हतं, शिक्षण नव्हतं, कसलं काम हवं तेही नव्हतं. धुळ्याच्या गृहस्थांनी ती वाचली, टेबलावरच्या काचेखाली सरकवली आणि म्हणाले, "बघू." पण एवढं खरं, की चिठ्ठीबरोबर मी उभा होतो. समोर उभ्या असलेल्या मुलाला निदान चहा द्यावा लागतो. मोबाईलवरचा निरोप उभा राहत नाही. तो वर सरकतो, मग आणखी वर, आणि तिथे कुणी चहा विचारत नाही.

गंमत म्हणजे माझ्या चिठ्ठीच्या आदल्याच वर्षी, १९७३ मध्ये, मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दूरच्या ओळखींचं बळ सांगणारा एक निबंध प्रसिद्ध केला होता. बॉस्टनजवळ राहणाऱ्या आणि नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं होतं: ज्याच्याकडून नोकरीचं कळलं, तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? रोजच्या उठबशीतले सहात एक निघाले. बाकीचे क्वचित, कधीमधी भेटणारे. घरच्यांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. लांबच्या माणसाला दुसऱ्या गल्लीतली बातमी असते. वहिनीच्या मामेबहिणीच्या दिराचं आमच्या खान्देशात काय महत्त्व असतं, हे त्याने आकड्यांनी सांगितलं, एवढंच.

मी झोक्यावरच्या पोरीला विचारलं, "मग तू नाही का म्हणत नाहीस सरळ?"

"नाही म्हणायचंच नसतं काका," ती म्हणाली. "हो म्हणायला वेळ नसतो."

आणि झोका थांबवून तिने मला तो 'हो' किती लांबचा रस्ता आहे ते दाखवलं. कंपनीच्या आतल्या साइटवर शेकडो जागांची यादी असते. प्रत्येक जागेला क्रमांक असतो आणि नाव सुचवायचं ते त्या एका क्रमांकासाठी. मग एक फॉर्म: उमेदवाराचं नाव, ईमेल, फोन, बायोडेटा, तुम्ही याला कसे ओळखता, बरोबर काम केलंय का, या जागेला तो का योग्य वाटतो. सगळं हाताशी असेल तर पाच मिनिटं. पण 'काही असेल तर' म्हणणाऱ्याचं काय शिक्षण झालंय हे आधी विचारायचं. त्याचं उत्तर संध्याकाळी येतं. मग त्याच्यासाठी यादी चाळायची. मग बायोडेटा मागायचा; तो येतो फोटो काढून, कोपऱ्यात अंगठ्यासकट. मग अनुभव किती, नोटीस पीरियड किती. "मी म्हणते रात्री करते. ती रात्र येतच नाही." शिवाय फॉर्मवर तिचंही नाव जातं. ज्याला गॅदरिंगमध्ये एकदा लांबून पाहिलं, तो कामाला उत्तम आहे असं ती कुठल्या तोंडाने लिहिणार?

हे सगळं मी इतकं लक्ष देऊन ऐकत होतो, कारण धुळ्याला देवपुरात माझा भाचा नेमका हाच 'हाय' पाठवण्याचा उद्योग करत बसला होता. नाशिकच्या एका छोट्या कंपनीत तो सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो, सुट्टीला घरी आला होता. पुण्याच्या एका कंपनीत त्याच्या कॉलेजची दोन वर्षं पुढची एक मुलगी होती. तिला त्याने 'हाय' पाठवून पंधरा दिवस झाले होते. तिकडूनही 'हाय' आलं होतं. मग दोघंही, दारात एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणणाऱ्या पाहुण्यांसारखी, तिथेच थांबली होती.

रात्री मी फोन केला. "तुला नेमकी कुठली जागा हवीय?" तर म्हणाला, "कोणतीही चालेल मामा." मला वाटतं, कोणतीही चालेल असं म्हणण्यात आपल्याला नम्रता वाटते, ऐकणाऱ्याला मात्र तो गृहपाठ वाटतो. त्याला आधी त्या कंपनीची यादी चाळायला लावली. दोन तासांनी एक जागा सापडली: टेस्टिंगची, पुण्याची, दोन ते चार वर्षं अनुभवाची, अर्ज रविवारपर्यंत. त्याला अनुभव अडीच वर्षांचा. तो लगेच अर्जाचं बटण दाबायला निघाला होता, त्याला थांबवलं. शेजारच्या पोरीने बजावलं होतं: अनेक कंपन्यांत उमेदवाराने आधी थेट अर्ज केला की तो तसाच नोंदला जातो, मग ओळखीच्या माणसाने नाव सुचवलं तरी यंत्र मानत नाही. आधी विचारायचं, आणि मुदतीच्या आत उत्तर नाही आलं तर मग आपलं आपण.

बायोडेटाच्या फाइलचं नाव होतं `Resume_final_new_2.pdf`. मी म्हटलं, "बाबा रे, तिच्या डाउनलोडमध्ये अशा पन्नास अंतिम इच्छा पडलेल्या असतील. तुझं नाव घाल, आणि कामाचं." मग फॉर्ममध्ये तिला उचलून चिकटवता यावं म्हणून चार ओळी लिहायला सांगितल्या. त्याने पाठवलं: मेहनती, प्रामाणिक, सर्वांशी मिळूनमिसळून काम करणारा. माझे डोळे पाणावले; स्थळाच्या जाहिरातीत मी स्वतः याहून वेगळा नव्हतो. पण हे त्या मुलीने कसं लिहावं? तिला खरं ठरेल असंच तिच्या हातात द्यायला हवं. शेवटी रात्री साडेअकराला निरोप तयार झाला तो असा:

'नमस्कार ताई. मी कॉलेजला तुमच्या दोन वर्षं मागे होतो. गॅदरिंगच्या नाटकात पडदा ओढायला मी होतो. तुमच्या कंपनीत पुण्याला टेस्टिंगची एक जागा आहे, क्रमांक आणि लिंक खाली देतो. दोन ते चार वर्षांचा अनुभव मागितलाय; मी नाशिकला अडीच वर्षं हेच काम करतोय, सध्या बँकेच्या मोबाईल ॲपवर. नोटीस पीरियड साठ दिवस. अजून थेट अर्ज केलेला नाही. माझं नाव सुचवू शकाल का? बायोडेटा सोबत आहे. फॉर्मसाठी ओळी खाली लिहिल्यात, आपण एकत्र काम केलेलं नाही हेही त्यात आहे. हवं तसं बदला. मुदत रविवारची आहे. शक्य नसेल तर शनिवारपर्यंत नुसतं नाही कळवा, मी थेट अर्ज करीन. मनात काही आणणार नाही.'

शेवटच्या दोन वाक्यांना भाच्याचा विरोध होता. "आपणच नाही सुचवायचं का मामा?" मी म्हटलं, ज्या घराला मागचं दार असतं, त्या घरात माणूस पुढच्या दाराने बिनधास्त येतो. पडद्याचं वाक्य मात्र मला खोडायचं होतं. नोकरीच्या अर्जात पडदा कशाला? तो हट्टाला पेटला, म्हणाला, नाहीतर त्यांना मी आठवणारच नाही. ठेवलं.

सकाळी साडेदहाला उत्तर आलं: 'तिसऱ्या अंकात पडदा अडकवला तो तूच ना? मी मेलेली होते आणि उठता येईना! नाव टाकलंय. कंपनीचा मेल येईल, स्पॅममध्ये पण बघ.' 'बघ' होतंच, पण या वेळी कुठे बघायचं तेही सांगितलं होतं. मेल खरंच स्पॅममध्ये सापडला. त्यातली लिंक उघडून उरलेली माहिती त्याने भरली आणि भरल्याचं तिला कळवलं. यापुढे तिचं काम संपलं. नाव सुचवलं म्हणजे ढिगातला कागद कुणाच्या तरी नजरेला पडण्याची शक्यता वाढली, बस. मुलाखत त्याची त्यालाच द्यायचीय, आणि ती येईलच असंही नाही.

हे मी बहिणीला फोनवर नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तिला वांगी पाठवू का?"

"उन्हाळ्यात कुठली भरिताची वांगी? आणि नोकरी लागली नाहीये अजून. आत्ता काही पाठवलंस तर बरं दिसणार नाही."

"नोकरीचं कुठं म्हणतेय मी," ती म्हणाली. "किती वेळ मेलेली पडून राहिली असेल याच्या पायी. आपलीच पोर शे ना ती." मागे पिशवीची चुरचुर ऐकू येत होती. केळीचे वेफर्स असावेत.