घासूनपुसून लावलेला शोध

घरात मी शेंडेफळ. त्यामुळे दिवाळीआधी तांब्याची भांडी घासायचं काम वर्षानुवर्षं माझ्याच वाट्याला आलं. वर्षभर काळवंडलेली घागर पुढ्यात घ्यायची, चिंच आणि मीठ चोळायचं, आणि पाच मिनिटांत आतून लालबुंद तांबं बाहेर. या उद्योगातून मी एक सिद्धांत काढला होता : घासलं की खाली जे खरं असतं ते दिसतं. घागरीपुरता तो बरोबर होता. पुढे पीएचडी करताना तोच सिद्धांत मी तीनशे नॅनोमीटर जाडीच्या फिल्मला लावला आणि सगळ्या विभागासमोर माझीच घागर पालथी झाली.

माझं काम काचेवर कॉपर ऑक्साइडची फिल्म बनवायचं. तांब्याच्या क्षाराचं द्रावण तापलेल्या काचेवर फवारायचं, की काळी, गुळगुळीत फिल्म बसते. हा काळा ऑक्साइड म्हणजे CuO. यातल्या तांब्याच्या प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला दिलेले असतात. याचा लाल भाऊ म्हणजे Cu₂O, त्यातलं तांबं एकच इलेक्ट्रॉन देतं. माझी फिल्म वायू ओळखायच्या सेन्सरसाठी होती, आणि असा सेन्सर चालतो तो पृष्ठभागावर. म्हणून गाईड सर म्हणाले, ‘‘पृष्ठभागावर तांबं नेमकं कोणत्या अवस्थेत आहे ते एक्सपीएसने बघून या.’’

एक्सपीएसचं तत्त्व सोपं आहे. नमुन्यावर क्ष-किरण टाकायचे. माझ्या वेळी ते अ‍ॅल्युमिनियमचे, १४८६.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे होते. त्यांच्या धक्क्याने अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, आणि यंत्र त्याची गतिज ऊर्जा मोजतं. दिलेल्या ऊर्जेतून उरलेली ऊर्जा वजा केली, यंत्राची थोडी वजावट धरली, की तो इलेक्ट्रॉन अणूने किती घट्ट धरून ठेवला होता ते कळतं. ज्या अणूने आपले काही इलेक्ट्रॉन आधीच दुसऱ्याला देऊन टाकलेत, तो उरलेल्यांना सहसा जास्त घट्ट धरतो. हातचं गेलेला माणूस उरलेलं जपतो, तसंच. म्हणून CuO मधल्या तांब्याचं पीक साधारण ९३३.६ वर येतं आणि Cu₂O मधल्याचं ९३२.४ च्या आसपास. सगळा खेळ या एका इलेक्ट्रॉन व्होल्टचा. क्ष-किरण खोल जातात, पण ऊर्जा न गमावता बाहेर येतात ते फक्त वरच्या पाच-दहा नॅनोमीटरमधले इलेक्ट्रॉन. म्हणजे यंत्राला दिसतं ते कातडं.

‘पीक’ हा शब्द मी घरी फोनवर वापरायला नको होता. बाबा ऊस लावतात. ‘‘माझं पीक एका व्होल्टने सरकलं,’’ म्हटल्यावर त्यांनी काळजीने विचारलं, ‘‘पाणी जास्त झालं का?’’

पण तो फोन नंतरचा. यंत्र दुसऱ्या गावच्या संस्थेत होतं आणि वेळेचे पैसे तासावर. यंत्रावरच्या मॅडमनी नमुना निर्वात पेटीत सरकवला आणि आधी सर्वेक्षण घेतलं, म्हणजे सगळ्या मूलद्रव्यांचा एक धावता आलेख. त्यात तांबं होतं, ऑक्सिजन होता, पण सगळ्यात छाती काढून उभा होता कार्बन. शंभर अणूंत चाळीसहून जास्त. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, लोक म्हणतील, पोरगं फिल्म करतं की काजळी?

खरं तर लाजायचं काही नव्हतं. हवेत राहिलेल्या कुठल्याही वस्तूवर असा कार्बनचा पातळ थर बसतोच. उलट बरेच लोक त्याच्याच पिकाला २८४.८ वर धरून बाकीचा आलेख जुळवतात. म्हणजे मळ म्हणून मी ज्याला हिणवत होतो, तीच आपली फूटपट्टी होती.

‘‘आर्गॉनने घासून घेऊ या का?’’ मी विचारलं.

‘‘घेऊ शकतो,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘पण आधी तांब्याचा बारीक आलेख घ्यायचाय का? अर्धा तास जाईल.’’

अर्ध्या तासाचे पैसे मी मनात मोजले. शेवटची एसटीही डोळ्यांपुढे आली. मी म्हणालो, ‘‘नको, घासल्यावरच घेऊ.’’ माझ्या आयुष्यातली सगळ्यात महाग काटकसर ती हीच.

आर्गॉनचे आयन दोन हजार व्होल्टने फिल्मवर पाच मिनिटं आदळले. कार्बन जवळजवळ नाहीसा झाला. मग तांब्याचा बारीक आलेख आला आणि माझे डोळे विस्फारले. पीक ९३२.५ वर! शिवाय CuO ची ओळख म्हणजे मुख्य पिकाच्या पलीकडे ९४१ ते ९४४ च्या पट्ट्यात दिसणारे दोन बुटके उंचवटे, ज्यांना सॅटेलाइट म्हणतात. CuO मधल्या तांब्याच्या एका कवचात एक जागा रिकामी असते. मुख्य इलेक्ट्रॉन बाहेर पडताना शेजारचा दुसरा एखादा त्या जागेत उडी मारतो आणि त्या उडीचा खर्च बाहेर पडणाऱ्याच्या खिशातून जातो, म्हणून हे उंचवटे बाजूला पडतात. Cu₂O मध्ये ते कवच भरलेलं असतं. जागाच नाही, तर उडी कसली? माझ्या आलेखात सॅटेलाइट जवळपास गायब होते.

आधी मला वाटलं, शुद्ध तांबं सापडलं, घागरीसारखं. पण या एका पिकावरून Cu₂O आणि धातूरूप तांबं वेगळं करता येत नाही. दोघांची पिकं जवळजवळ एकाच जागी येतात. त्यासाठी तांब्याचं ओजे पीक बघावं लागतं, ज्याला लॅबमध्ये बरेच जण ऑगर म्हणतात. धातूसाठी ते गतिज ऊर्जेच्या मापावर ९१८.६ च्या आसपास येतं, Cu₂O साठी ९१६.८ च्या. माझं ९१६.८ जवळ होतं. म्हणजे Cu₂O! एसटीत खिडकीशी बसून मी सिद्धांत रचला. आत CuO, वर Cu₂O चं नैसर्गिक कवच, त्या सांध्यामुळेच माझा सेन्सर चांगला चालतो. गाव येईपर्यंत शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा ठरलं होतं.

विभागाच्या सेमिनारमध्ये मी ते चित्र रंगीत करून दाखवलं. बाहेरून आलेले एक ज्येष्ठ सर मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘हे Cu₂O चं कवच किती जाड आहे म्हणता?’’

‘‘चार-पाच नॅनोमीटर, सर.’’

‘‘आणि घासून किती काढलंत?’’

‘‘साधारण दहा.’’

‘‘मग वरचं कवच काढून टाकल्यावर तुम्हाला वरचं कवच दिसलं?’’

हशा पिकला. हे पीक मात्र भरघोस आलं. मी ‘‘कदाचित कवच जास्त जाड...’’ असं काहीतरी पुटपुटलो. सर म्हणाले, ‘‘घासण्याआधीचा आलेख दाखवा.’’ तो नव्हताच. पृष्ठभाग बघायला गेलो होतो आणि बघण्याआधी तोच खरवडून टाकला होता.

नंतर चहा पिताना सरांनीच उलगडून सांगितलं. आर्गॉन म्हणजे चिंच नव्हे. चिंच वरचा ऑक्साइड विरघळवते, खालचं तांबं तसंच राहतं. आर्गॉनचा आयन मात्र आदळतो, काही नॅनोमीटर आत घुसतो आणि वाटेतले अणू उधळत जातो. त्यात तांब्यापेक्षा ऑक्सिजन जास्त प्रमाणात उडतो. तो हलका आहेच, शिवाय CuO मधलं तांबं आपल्या वाट्याचा सगळा ऑक्सिजन फारसा घट्ट धरत नाही. सुटलेला ऑक्सिजन निर्वातात निघून जातो आणि मागे उरलेला CuO लंगडत Cu₂O कडे जातो. गंमत अशी की हा बिघडलेला थर जितका जाड, साधारण तितकीच यंत्राची नजर खोल. म्हणून कितीही घासा, प्रत्येक वेळी खाली नवीन थर बिघडतो आणि आपण बिघडलेलंच बघत राहतो.

मी पुन्हा एसटी पकडली. या वेळी त्याच काचेचा दुसरा तुकडा आणि बाजारातून आणलेल्या शुद्ध CuO पावडरची टिकली बरोबर नेली. सर्वेक्षणानंतर सगळ्यात आधी, न घासता, तांब्याचा बारीक आलेख घेतला. पीक ९३३.६ च्या आसपास, सॅटेलाइट डौलात उभे. मग थोडं घासायचं, बघायचं, पुन्हा घासायचं. तीस सेकंदांत सॅटेलाइट बसायला लागले आणि ९३२.५ कडे खांदा फुटला. दोन मिनिटांत चित्र पालटलं. पाच आणि दहा मिनिटांचे आलेख दोन मिनिटांच्या आलेखावर जवळजवळ तंतोतंत बसले. खरोखर वेगळा थर असता, तर खोल जाऊन तो संपायला हवा होता. इथे तो संपतच नव्हता, कारण आम्हीच तो बनवत होतो. पावडरच्या टिकलीने तर उरलीसुरली अब्रूही घेतली. ती शंभर टक्के CuO असूनही घासल्यावर माझ्या फिल्मसारखीच वागली.

घासणं सगळीकडे वाईट असतं असं नाही. सिलिकॉन किंवा अ‍ॅल्युमिनियमचे ऑक्साइड आपला ऑक्सिजन इतका घट्ट धरतात की त्यांच्यात असा फरक फार कमी पडतो. टायटॅनियम डायऑक्साइड मात्र तांब्यासारखाच फसवतो. आर्गॉनच्या मोठ्या झुंडीने, हजारो अणूंच्या गठ्ठ्याने घासणारी साधनंही आता आहेत. त्यात प्रत्येक अणूच्या वाट्याला ऊर्जा थोडी येते आणि इजा बरीच कमी होते. पण तेही करून बघून तपासावं लागतंच. इतकंच काय, CuO ला नुसत्या क्ष-किरणांखाली फार वेळ ठेवलं तरी तो हळूहळू बदलू शकतो. म्हणून तांब्याचा आलेख सुरुवातीलाही घ्यावा आणि शेवटीही.

माझ्या निबंधात शेवटी काळ्या फिल्मचा काळा आलेख छापला गेला, न घासलेला, कार्बनसकट. नवीन विद्यार्थी नमुना घेऊन निघाला की मी त्याला एवढंच सांगतो : घासायचं तर घासा, पण आधीचा अर्धा तास वाचवू नका. एसटी दुसरी मिळते. तो पृष्ठभाग पुन्हा मिळत नाही.